‘आजच’ मधला ‘च’

प्रश्न : गुहागरजवळ आमचं चार खोल्यांचं घरगुती राहण्या-जेवण्याचं ठिकाण आहे. पूर्वी राहून गेलेल्या पाहुण्यांना गणपती ते दिवाळी आम्ही दोन-तीन पत्रं पाठवतो. मजकूर असा होतो : ‘सणासुदीची खास ऑफर! फक्त तुमच्यासाठी १५ टक्के सूट! आजच बुक करा, संधी दवडू नका!’ हे गळ्यात पडल्यासारखं वाटतं. ऑफर, सूट, सवलत असे शब्द आलटून पालटून वापरले तरी तेच तेच वाटतं. यातला योग्य शब्द कोणता?

उत्तर : शब्द आलटून पालटून वापरता येत नाहीत, कारण ते समानार्थी नाहीत. ‘सूट’ रकमेला मिळते. ती ‘सुटणे’ या क्रियापदातून आली आहे : देण्यातला काही भाग सुटला, म्हणजे माफ झाला. शेतसाऱ्यात सूट मिळते, करात सूट मिळते. ‘सवलत’ माणसाला मिळते. मुळात ती फारसीमार्गे आलेली ‘सहूलत’, म्हणजे सोय. एसटीत ज्येष्ठांना आणि महिलांना अर्ध्या तिकिटाची ‘सवलत’ असते, कारण ती त्यांच्या ज्येष्ठ किंवा महिला असण्याशी जोडलेली आहे. ‘ऑफर’ दुकानाला असते : ती चालू होते, संपते आणि समोर कोण उभं आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

तुम्ही लिहिताय ते एकदा राहून गेलेल्या माणसांना. दर कमी करण्याचं कारण त्यांची ओळख हे आहे. म्हणून शब्द ‘सवलत’. तोही पत्रात एकदाच यावा आणि त्याच्या शेजारी रक्कम असावी. ‘१५ टक्के’ म्हटलं की वाचणाऱ्याला आकडेमोड करावी लागते; ‘२,५०० ऐवजी २,१२५ रुपये’ म्हटलं की काम झालं. ‘फक्त तुमच्यासाठी’ मात्र काढाच. ते पत्र दोनशे जणांना गेलंय हे त्या दोनशे जणांनाही कळतं. ‘मागे राहून गेलेल्यांसाठी’ हे खरं आहे आणि तेवढं पुरे.

पण गळ्यात पडल्यासारखं वाटतं ते या नामांमुळे नाही. ते ‘आजच’ मधल्या ‘च’ मुळे. मराठीतला हा एका अक्षराचा शब्द फार जोरकस आहे, आणि तो कुणाच्या गोष्टीला चिकटतो यावर सगळं ठरतं. ‘खोल्या चारच आहेत’ यातला ‘च’ तुमच्या घराबद्दल आहे. ती माहिती झाली. ‘आजच ठरवा’, ‘आमच्याकडेच या’ यातला ‘च’ वाचणाऱ्याच्या दिवसाला आणि त्याच्या निवडीला चिकटतो. तो दट्ट्या झाला. मजकूर लिहून झाला की त्यातले सगळे ‘च’ शोधा. तुमच्या वस्तूला लागलेले राहू द्या, त्यांच्या कृतीला लागलेले पुसा.

आज्ञार्थाबद्दलही असाच एक गैरसमज आहे. ‘करा’ म्हटलं की उद्धट वाटतं, म्हणून लोक ‘आपण नोंदणी करू शकता’ असं लिहितात. ते इंग्रजीतून उतरलेलं, गारठलेलं वाक्य आहे. मराठीत आज्ञार्थ मुळीच उद्धट नाही. आपण ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणतो. दाराशी आलेल्याला ‘या, बसा, जेवूनच जा’ म्हणतो. (हा एक ‘च’ मात्र ज्याच्या त्याच्या कृतीला लागूनही गोड लागतो, कारण जेवण यजमानाच्या पदरचं असतं.) या, राहा, घ्या, जेवा या क्रियांत पाहुण्याला काही मिळतं. ‘बुक करा’, ‘दवडू नका’ यांत त्याने तुम्हाला काही द्यायचं असतं. म्हणून ‘या’ लिहायला बिचकू नका. जिथे त्यांनी तुमच्यासाठी काही करायचं आहे तिथे ‘तर’ घाला : ‘येणार असाल तर कळवा.’

‘सणासुदी’ हा शब्द चांगला असला तरी पत्राच्या सुरुवातीला तो काहीच सांगत नाही. आणि ‘सणांचा हंगाम’ तर नकोच. हंगाम आंब्याचा, उसाचा. मराठी माणसाला सण नावाने कळतो, दिवाळी तर दिवसांच्या नावांनी. ‘धनत्रयोदशी ते भाऊबीज’ म्हटलं की घरात कोण असेल, कुणाला सुट्टी असेल, हे त्याच्या डोळ्यापुढे येतं. दुसरं, ‘फराळ मोफत’ लिहू नका. मराठीत फराळ मोफत नसतो, फराळाला बोलावतात. ‘मोफत’ शब्दाने चकलीला किंमत चिकटते आणि मग ती खोलीभाड्यातून वसूल झाली असणार अशी शंका येते.

तेच तेच वाटू नये याचा उपाय शब्दकोशात नाही. प्रत्येक पत्रात एक तरी अशी माहिती हवी, जी त्या माणसाला तुमच्याकडे न येताही उपयोगी पडेल. तुमच्याकडे मुंबई-ठाण्याची मंडळी बहुधा चिपळूणला उतरून येत असतील. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. त्याआधी ते १२० दिवस होतं आणि अनेकांच्या डोक्यात अजून तेच आहे. २०२६ च्या धनत्रयोदशीच्या, म्हणजे ६ नोव्हेंबरच्या गाडीसाठी ते ७ सप्टेंबरला उघडेल. म्हणजे दिवाळीचं पत्र गणपतीच्या आधी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवं. ऑक्टोबरात पाठवलंत तर तिकीट हाती नसलेला माणूस ते नुसतं चुटपुटत वाचेल.

मी असं लिहीन :

‘सप्रेम नमस्कार.
भात पोटरीला आलंय, पाऊस अजून आहे. दिवाळीबद्दल आत्ता लिहायचं कारण रेल्वे : ६ नोव्हेंबरच्या गाडीचं आरक्षण ७ सप्टेंबरला उघडतंय.
यंदा पहिली आंघोळ आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, ८ नोव्हेंबरला आहे. त्या पहाटे उटणं आणि गरम पाणी तयार असेल. नंतर फराळाला आमच्याबरोबर ओटीवर या.
धनत्रयोदशी ते भाऊबीज (६ ते ११ नोव्हेंबर) मागे राहून गेलेल्यांसाठी सवलत ठेवली आहे : एका खोलीचे रोजचे २,५०० ऐवजी २,१२५ रुपये. खोल्या चारच आहेत. येणार असाल तर किती जण आणि कोणते दिवस, तेवढं कळवा.’

‘प्रिय अतिथी’ मी मुद्दाम टाळलंय. मराठी पत्रात तो मायना परका वाटतो. ‘आपण’ ऐवजी ‘तुम्ही’ ठेवलंय, कारण ओटीवर बसून बोलताना तुम्ही त्यांना ‘आपण’ म्हणाला नसाल.

दुसऱ्या पत्रात सवलत पुन्हा सांगू नका. पहिल्यानंतर काय बदललं तेवढं सांगा : ‘दिवाळीसाठी दोन खोल्या उरल्या आहेत. ज्यांचं ठरत होतं त्यांच्यासाठी कळवतोय.’ बदललं नसेल तर पत्र पाठवू नका. त्याला ‘स्मरणपत्र’ हे नावही देऊ नका. मराठीत स्मरणपत्र थकबाकीचं येतं. आणि तळाशी ‘सदस्यता रद्द करा’ ऐवजी साधी ओळ असू द्या : ‘ही पत्रं नको असतील तर उत्तरात “नको” एवढं लिहा.’ तसं उत्तर आलं की त्यांचं नाव त्याच दिवशी यादीतून काढा.