अर्जातली नम्रता आणि अर्जातली मागणी

प्रश्न: सहकारी बँकेला मराठीत अर्ज लिहायचा आहे. मायना काय घालायचा आणि शेवट कसा करायचा?

मायना सोपा आहे. "प्रति, मा. शाखाधिकारी", खाली बँक आणि शाखा, मग विषय, मग "महोदय" किंवा "महोदया". शेवटी "कळावे", "आपला विश्वासू" किंवा "आपली विश्वासू", सही, नाव, पत्ता, मोबाइल. "स.न.वि.वि." आणि "लोभ असावा" घरच्या पत्रात शोभतात, इथे नको. पण अर्ज अडतो तो मायन्यामुळे नव्हे, मधल्या मजकुरामुळे.

आमच्या घराचं कर्ज एका नागरी सहकारी बँकेचं होतं. शेवटचा हप्ता भरल्यावर मूळ खरेदीखत परत मागायचं होतं. अर्ज दादाने लिहिला, कारण घरात पत्रं तोच लिहितो. विषय होता "कागदपत्रांबाबत". मग एक परिच्छेद बँकेच्या सहकार्याबद्दल, एक बाबांच्या आजारपणाबद्दल, आणि अगदी शेवटी "तरी आमचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा". कर्ज खाते क्रमांक कुठेच नव्हता. अर्ज टेबलावर पडून राहिला. मी चौकशीला गेले तेव्हा कर्ज विभागातल्या बाईंनी सरळ विचारलं, "यात नक्की काय हवंय?" त्यांची चूक नव्हती. अर्ज आला की त्यावर आवक क्रमांक पडतो, तो कर्जाच्या फाईलला लागतो आणि अधिकारी समासात शेरा मारतात. खाते क्रमांक नसेल तर फाईल काढायची कशी, आणि मागणी नसेल तर शेरा कशावर मारायचा?

मी तिथेच बाकावर बसून दुसरा अर्ज लिहिला. तो साधारण असा होता:

विषय: कर्ज खाते क्र. ____ पूर्ण फेडल्याने मूळ कागदपत्रे व बेबाकी दाखला मिळणेबाबत.

महोदया,
वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझे वडील व मी यांच्या संयुक्त नावे असलेले उपरोक्त गृहकर्ज दि. ____ रोजी पूर्ण फेडले आहे. तारण दिलेले मूळ खरेदीखत व सूची क्र. 2 याच शाखेतून परत मिळावी, बेबाकी दाखला द्यावा आणि मिळकतीवरील बँकेचा बोजा कमी करण्याची कार्यवाही करावी, ही विनंती.
सोबत: शेवटच्या भरण्याची पावती, खाते उतारा, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती.

खाली दोघांच्या सह्या. सहकर्जदाराची सही नसली की अर्ज परत येतो, हे लोक विसरतात. डावीकडे चांगला रुंद समास सोडा आणि दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ती पोहोच म्हणजेच तुमचा पुरावा.

पोहोचेची तारीख महत्त्वाची आहे, कारण रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानुसार वैयक्तिक कर्ज (त्यात गृहकर्जही आलं) पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा असतो. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासून हे लागू आहे आणि नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. ही मुदत अर्जापासून नाही, कर्ज फिटल्यापासून धरली जाते. पण तुम्ही कधी, काय मागितलं हे पोहोचेशिवाय सिद्ध होत नाही.

दादाचं अजूनही म्हणणं आहे की सहकारी बँक आपल्या माणसांची, तिथे गोड शब्दांनीच काम होतं. मला हे मान्य नाही. "ही विनंती" एवढी नम्रता पुरते. आपण सभासद आहोत, फेडलेल्या कर्जाचे कागद मागतोय. उपकार मागत नाही. सहानुभूतीचा परिच्छेद वाचणाऱ्याचा वेळ खातो आणि मागणी झाकतो.

एका अर्जात एकाच फाईलचं काम ठेवा. कर्ज घेताना बँकेच्या शेअर्ससाठी कापलेली रक्कम परत हवी असेल तर सभासद क्रमांक घालून वेगळा अर्ज द्या. तो विषय शाखेत संपत नाही, संचालक मंडळाच्या मंजुरीला जातो, आणि त्याच्यापायी तुमचं खरेदीखत अडकायला नको.

शाळेला लिहायचं असेल तर "मा. मुख्याध्यापक" आणि खाते क्रमांकाच्या जागी जनरल रजिस्टर क्रमांक, तो आठवत नसेल तर जन्मतारीख, शेवटची इयत्ता आणि शाळा सोडल्याचं वर्ष. बाकी सांगाडा हाच.

वरची 30 दिवसांची मुदत व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जाला धरू नका. ते परिपत्रक वैयक्तिक कर्जांपुरतं आहे.