झोप लागत नाही? मग अंथरुणातला वेळ कमी करून बघू

"मॅडम, वर्ष होत आलं, झोप नाही. साडेनऊलाच दिवा मालवून पडतो, सकाळी साडेसहापर्यंत अंथरूण सोडत नाही, तरी तीन तास झोप झाली तर नशीब. आणि तुम्ही सांगताय रात्री साडेबाराला झोपायला जा! आहे तेवढी झोपही जाईल की."

हे गृहस्थ पन्नाशीचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतात, राहतात जुळे सोलापुरात. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. साडेबाराची वेळ मी मनाने सांगितली नव्हती, ती त्यांच्याच वहीतून निघाली होती.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत मी त्यांना फक्त एक वही ठेवायला सांगितली. दोन आठवडे रोज सकाळी उठल्यावर चार गोष्टी लिहायच्या: अंथरुणावर कधी पडलो, अंदाजे किती वेळाने डोळा लागला, मधे जाग येऊन किती वेळ गेला आणि अंथरूण कधी सोडलं. सगळं अंदाजाने. रात्री घड्याळ बघायचं नाही, कारण "बापरे, अडीच वाजले" हा विचारच पुढचा तासभर खातो. वहीची सरासरी काढली तेव्हा अंथरुणातला वेळ ९ तास निघाला आणि झोप साडेपाच तास. "तीन तास" हा त्यांचा आकडा खोटा नव्हता, तो सगळ्यात वाईट रात्रींचा होता आणि तोच लक्षात राहिला होता.

आता ३३० मिनिटांना ५४० ने भागून १०० ने गुणा. ६१ टक्के येतात. म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी जवळजवळ चाळीस टक्के वेळ ते जागे होते. त्यांच्या सौभाग्यवती बरोबर आल्या होत्या, म्हणून मी म्हटलं, मूठभर ज्वारीच्या पिठाची भाकरी परातभर थापली तर काय होतं? "चिरा पडतात," त्या म्हणाल्या. साडेपाच तासांची झोप नऊ तासांत पसरली की तशीच मधे मधे फाटते. आणि जागं पडून राहण्याची इतकी सवय होते की पलंग दिसला तरी मेंदू सावध होतो. झोपेची ओढ जागं राहण्यातून तयार होते. आपण जितका वेळ जागे असतो तितकं अडेनोसिन नावाचं द्रव्य मेंदूत साठतं आणि डोळे जड होतात. रात्रीची भरपाई म्हणून लवकर पडलं किंवा दुपारी लवंडलं, तर ही ओढ पुरेशी साठतच नाही.

१९८७ मध्ये न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी मांडलेली स्लीप रिस्ट्रिक्शन पद्धत याच्यावर उभी आहे. सरासरी जितकी झोप, तितकाच वेळ अंथरुणात. फक्त तो पाच तासांच्या खाली न्यायचा नाही, वहीत चारच तास निघाले तरीसुद्धा. सकाळची उठायची वेळ आधी ठरवायची, कारण ती रोज पाळता येते. या गृहस्थांनी सहा ठरवली. सहातून साडेपाच तास मागे गेलं की साडेबारा.

मात्र सुरू करण्याआधी मी काही प्रश्न विचारतेच. कधी फिट आली आहे का? बायपोलर आजार आहे का? झोपेत चालता का? झोप कमी केल्याने हे तिन्ही उफाळू शकतात. मोठ्याने घोरून मधेच श्वास अडकत असेल तर आधी डॉक्टरांकडे तपासणी. ट्रकचालक किंवा यंत्रमागावर उभे राहणारे कामगार यांना मी ही पद्धत अशी घरच्या घरी करू देत नाही. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद करायच्या नाहीत. या गृहस्थांच्या बाबतीत यातलं काही नव्हतं, पण ते रोज स्कूटरवर कामाला जायचे. पहिले काही आठवडे सहकाऱ्याच्या मागे बसून जायचं, ही अट मी घातली. गड्ड्याच्या यात्रेत घरी पाहुणे असतात म्हणून सुरुवात यात्रेनंतर केली.

पहिला आठवडा वाईट जातो, हे आधीच माहीत असलेलं बरं. दिवसभर मरगळ, चिडचिड, आकडेमोडीत चुका. त्यांची खरी अडचण मात्र रात्रीची होती. साडेदहाला टीव्हीसमोर मान पडायची. ही दहा-वीस मिनिटांची डुलकी साठवलेली ओढ खर्च करून टाकते. चहा घेऊन जागं राहण्यातही अर्थ नाही, कारण त्याने अडेनोसिनचा परिणाम अडतो आणि साडेबारालाही डोळा लागत नाही. मग सौभाग्यवतींनी त्यांना स्वयंपाकघरात, मोठ्या दिव्याखाली भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसवलं. हात चालू राहिले की मान पडत नाही. त्या आठवड्यात चटणीपुरते दाणे आयतेच निघाले.

आठवड्याअखेर झोप ४ तास ३५ मिनिटं, म्हणजे अंथरुणातल्या साडेपाच तासांच्या ८३ टक्के. झोप कमी झाली म्हणून ते खट्टू झाले, मला मात्र बरं वाटलं, कारण मधली जाग आटली होती. नियम असा: ८५ च्या वर गेलं तर १५ मिनिटं वाढवायची, ८० ते ८५ मध्ये तसंच ठेवायचं, ८० च्या खाली १५ मिनिटं कमी करायची. म्हणून साडेबारा कायम.

दुसऱ्या आठवड्यात घडी विस्कटली. नळाला पाणी आलं पहाटे चारला. ते उठून पाणी भरायला लागले आणि मग भरपाई म्हणून आठपर्यंत झोपले. त्या रात्री तीनपर्यंत टक्क जागे. वहीत ते स्पष्ट दिसत होतं. पाण्यासाठी चारला उठायला हरकत नाही, सहानंतर पडायचं नाही. रविवारलाही सूट नाही, आणि दुपारचं लवंडणंही नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाच तास सलग, ९१ टक्के. मग वेळ सव्वाबारा झाली. पुढे दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत आम्ही साडेसहा तासांवर पोचलो, म्हणजे साडेअकरा ते सहा. आणखी पंधरा मिनिटं दिली तेव्हा पहाटे तीनची जाग परत आली आणि टक्केवारी ७९ वर उतरली. तेव्हा मागे साडेसहा तासांवर. त्यांच्या शरीराला लागणारा वेळ तेवढाच आहे. त्यात आता सहाएक तास झोप होते. सुरुवातीपेक्षा जेमतेम अर्धा तास जास्त, पण सलग. त्यांना आठ तास हवे होते, ते मिळाले नाहीत, आणि आता ते मागतही नाहीत.

मरगळ आणि पेंग यांतला फरक मात्र शेवटपर्यंत तपासत राहायचा. थकल्यासारखं वाटणं चालेल, पण बोलता बोलता किंवा सिग्नलला उभं असताना डोळे मिटत असतील, तर अंथरुणातला वेळ लगेच वाढवायचा आणि समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटायचं. स्कूटरची किल्ली मी त्यांना ही पेंग पूर्ण गेल्यावरच घ्यायला सांगितली. वही आता कपाटात आहे. घरात आजारपण किंवा लग्नकार्य होऊन आठवडाभर झोप बिघडली, तर ती पुन्हा काढायची, सरासरी मोजायची आणि साडेअकराचे पावणेबारा करायचे, एवढं त्यांना आता स्वतःला जमतं.