बाळाच्या डोळ्यांत घरचं काजळ

"बाळ १२ दिवसांचं आहे, दापोलीला बारसं. आजी घरी धरलेलं काजळ डोळ्यांत घालणार म्हणतात. घरचं चालतं ना?"

नको, घरचंही नको. बोट आणि डबी निर्जंतुक नसतात. त्यात नवजात बाळाची अश्रूनलिका पुष्कळदा पूर्ण उघडलेली नसते. मग अश्रू साचतात, जंतू तिथेच वाढतात आणि डोळा चिकटायला लागतो. नुसतं पाणी किंवा थोडी चिपडं असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पुसा, दर वेळी नवा बोळा घेऊन. पापणी सुजली, डोळा लाल झाला किंवा पू आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सुरमा तर अजिबात नको. अनेक सुरम्यांत शिसं असतं, आणि डोळा चोळलेला हात बाळ तोंडात घालतं. आजींचं मन राखायला घरच्या काजळाची तीट तळपायाला लावा.