स्टँडर्ड तेच राहिलं की बदललं?

“मॅडम, कॉस्टिंगची गणितं सुटतात. थिअरीचा पाच मार्कांचा प्रश्न आला की हात थांबतो. कॉस्ट कंट्रोल आणि कॉस्ट रिडक्शन दोन्हीकडं मी तेच लिहून येतोय. युनिफॉर्म कॉस्टिंग आणि इंटर-फर्म कंपॅरिझन तर मला एकच वाटतंय. पाठ करून करून डोकं दुखतंय, पण राहत नाही.”

दर सेमिस्टरला परीक्षा तोंडावर आली की हे वाक्य माझ्या खोलीत येतं. कधी निपाणीहून, कधी खानापूरकडून, कधी शहापूरच्या गल्लीतून. मुलं बहुतेक एकाच वाटेनं आलेली असतात. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग कॉमर्स एकदम इंग्रजीत. हा मुलगाही त्यातलाच, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा.

पहिल्या दोन भेटींत तो फक्त झोप आणि मार्कांबद्दल बोलला. तिसऱ्या भेटीला वही घेऊन आला. फरकाचा तक्ता सुबक आखला होता, दोन्ही रकान्यांत सात-सात मुद्दे. डावीकडचा रकाना मी हातानं झाकला आणि उजवीकडचा एक मुद्दा वाचून विचारलं, “हा कुणाचा?”

तो बराच वेळ बघत राहिला. “दोघांचाही चालेल की.”

मुलाची स्मरणशक्ती कच्ची नाही, हे मला तिथं कळलं. त्या शब्दांखाली त्याच्याकडं काही चित्रच नव्हतं. माझी जुनी धारणा आहे, सहकारी तिला माझा हट्ट म्हणतात, की माणूस आधी पाहिलेल्या गोष्टीला नाव देतो, नावावरून गोष्ट उभी करत नाही. म्हणून वही मिटायला लावली आणि वडील काय करतात ते विचारलं.

“उद्यमबागला फाउंड्रीत मोल्डर हाईत.”

“घरी कामाचं काय बोलतात?”

“धातू जास्त ओतला की साहेब ओरडतात, एवढंच.”

एवढं पुरेसं होतं. पुढच्या भेटीला वडिलांना विचारून ये म्हटलं, आणि पोरगं खरंच आकडे लिहून घेऊन आलं. दहा किलोचा एक पार्ट. तो भरीव यायचा तर साच्यात सोळा किलो धातू ओतायचा, असं ठरलेलं. वरचे सहा किलो रनर आणि रायझरमध्ये जातात, म्हणजे धातू आत नेणाऱ्या वाटेत आणि पार्ट थंड होताना आक्रसतो तेव्हा त्याला धातू पुरवणाऱ्या साठ्यात. ते नंतर तोडून पुन्हा भट्टीत टाकतात, पण वितळवण्याची वीज गेलेली असते.

मध्यंतरी ओतणाऱ्यांचा हात सैल झाला. साच्यामागं सतरा किलो जायला लागले. सुपरवायझरनं रोज वजन लिहायला लावलं, पंधरा दिवसांत आकडा पुन्हा सोळावर आला.

“हे काय झालं?” मी विचारलं.

“खर्च कमी झाला. रिडक्शन.”

“सोळा कुणी ठरवलं होतं?”

“आधीच ठरलेलं.”

“मग नवीन काय मिळवलं?”

तो गप्प. मग हळूच, “काहीच नाही. सुटलेलं परत धरलं.”

मी मुद्दाम काही बोलले नाही. वही उघडून पुढची ओळ त्यानंच वाचली. नंतर कारखान्यानं रायझरला उष्णता धरून ठेवणारी स्लीव्ह बसवली. आतला धातू जास्त वेळ पातळ राहतो, म्हणून रायझर लहान चालतो. आता साडेचौदा किलोत तोच दहा किलोचा पार्ट येतो, तेवढाच भरीव. स्लीव्हचा खर्च धरूनही पार्टमागं पैसे वाचतात. आणि रोजच्या वजनाच्या वहीत ठरलेला आकडा म्हणून आता साडेचौदा लिहिलेला असतो.

“मॅडम, इथं सोळाच बदलला!”

आवाज एवढा चढला की बाहेर बसलेली बाई आत डोकावली. मला अशा क्षणांचा लोभ आहे, खोटं कशाला बोलू. कंट्रोल ठरलेलं स्टँडर्ड मान्य करतो आणि त्याच्यावर चढू देत नाही. रिडक्शन त्या स्टँडर्डलाच आव्हान देतं. खाली उतरवलेलं नवीन स्टँडर्ड पुन्हा कंट्रोलच्या हातात जातं. त्याच्या तक्त्यातले सातही मुद्दे या एका वाक्यातून बाहेर पडतात. मग मी दोन फसवे प्रश्न टाकले. भंगार बाजारात स्वस्त झालं आणि खर्च उतरला तर? स्लीव्ह न लावताच रायझर लहान केला आणि पार्टच्या पोटात पोकळी राहिली तर? पहिल्याला तो म्हणाला, भाव परत चढेल, ती आपली कमाई नव्हे. दुसऱ्याला म्हणाला, माल परत येईल. पुस्तकातली “रियल अँड पर्मनंट” ही अट आणि दर्जा न बिघडवण्याची अट त्यानं न वाचता सांगितली होती.

उरलेल्या जोडीसाठी मी कागदावर दोन काल्पनिक फाउंड्र्या मांडल्या. पहिलीनं महिन्यात अठरा लाख खर्चून वीस टन माल दिला, किलोला ९० रुपये. दुसरी म्हणते, सतरा लाख वीस हजारांत वीस टन, किलोला ८६.

“कोण भारी?”

“दुसरी.”

मग एकेक गोष्ट उघड केली. पहिलीच्या खर्चात शेडचं चाळीस हजार भाडं आहे. दुसरीची शेड स्वतःची, तिनं काहीच धरलं नाही. शिवाय तिच्या वीस टनांत एक टन रिजेक्ट माल मोजलाय. पहिली फक्त चांगला माल मोजते आणि रिजेक्टची भंगार किंमत खर्चातून वजा करते. तोच नियम दुसरीला लावू, भंगार किलोला ३५ रुपये धरू. दोघींनाही भाडं धरलं तर दुसरीचा दर ९० रुपये ७९ पैसे येतो, पहिलीचा ९०. दोघींचंही सोडलं तर दुसरीचा ८८ रुपये ६८ पैसे, पहिलीचा ८८. भाडं धरा नाहीतर सोडा, पहिलीच स्वस्त. फक्त दोघींनी एकच काहीतरी करायला हवं.

“म्हणजे हिशोबाचा नियम एक करणं हे युनिफॉर्म कॉस्टिंग,” तो म्हणाला, “आणि त्यानंतर शेजारी शेजारी ठेवून बघणं हे इंटर-फर्म.”

त्यातच उत्तराचा क्रमही आला. युनिफॉर्म कॉस्टिंग ही जॉब किंवा प्रोसेससारखी वेगळी पद्धत नव्हे, हे पहिल्या ओळीत लिहायचं. अनेक मुलं तिथंच मार्क घालवतात. मग एकाच धंद्यातल्या कारखान्यांनी कोणते नियम सारखे ठेवायचे ते: घसारा, भाडं, व्याज, रिजेक्शन आणि कशाच्या मापानं भागायचं. हे सगळं युनिफॉर्म कॉस्ट मॅन्युअलमध्ये असतं, असं एक वाक्य. आणि व्याख्येच्या आधी दोन ओळींचं उदाहरण, इंग्रजी मोडकं असलं तरी. परीक्षक माझ्याशी सहमत असतीलच असं नाही, पण उदाहरण लिहिलेल्या मुलाचा हात पुढं थांबत नाही.

शेवटच्या भेटीला तो हसतच आला. घरी वडिलांना हे सगळं समजावून सांगितलं होतं म्हणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “होय रे, पण आपला दर शेजारच्याला कोण सांगतंय?”

मी म्हटलं, हीच इंटर-फर्म कंपॅरिझनची पहिली मर्यादा. म्हणून आकडे एखाद्या मध्यस्थ संस्थेकडं देतात, ती कारखान्यांची नावं झाकून सांकेतिक नंबर लावते आणि रकमांऐवजी बहुतेक गुणोत्तरं कळवते. त्यानं वही काढली, मर्यादांच्या यादीतला सीक्रसी हा मुद्दा खोडून सगळ्यात वर घेतला आणि बाजूला पेन्सिलीनं लिहिलं: पप्पा.