डीलर मीटमधलं भाषण: आभार आणि पुढच्या वर्षाचं टार्गेट

प्रश्न: जळगावात आमचा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना आहे. वार्षिक डीलर मीटमध्ये वडिलांच्या जागी यंदा मी बोलणार. आभार आणि टार्गेट कसं मांडू?

उत्तर: आभार नेमक्या गोष्टीचे माना. ‘शेतकऱ्याला कापूस विकेपर्यंत तुम्ही उधारी दिली, पण आमचं बिल 45 दिवसांत भरलं’, एवढं म्हटलं तरी रावेर-चोपड्याचा डीलर कान देतो. (खरंच भरलं असेल तरच हं!)

टार्गेटमध्ये बहुतेक जण फसतात, कारण ते आपण पाठवलेल्या मालावर टक्के चढवतात. समजा, एका डीलरने 40 लाखांचा माल उचलला. वर्षाच्या सुरुवातीला गोदाम रिकामं होतं, आज 9 लाखांचा माल पडून आहे. म्हणजे खरी विक्री 31 लाखांचीच. 15 टक्के वाढ 40 वर धरली तर 46 लाख होतात, 31 वर धरली तर साधारण साडेपस्तीस. पहिला आकडा लादलात तर मार्चअखेर स्कीमसाठी तो माल भरेल आणि मग भाव पाडून विकेल. शेजारचा डीलर तुमच्यावरच चिडणार.

म्हणून आधी शिल्लक मोजून घ्या. स्टेजवर एकूण आकडा सांगा. प्रत्येकाचा आकडा जेवणानंतर, बाजूला बसून. तोही हंगामाप्रमाणे तोडून: कापूस आणि मृगबागेच्या केळीआधीचा वेगळा, कांदेबागेचा वेगळा.