घोषवाक्य आधी मुलांच्या तोंडून ऐक

परदेशातल्या तुमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनासाठी तू केलेला घोषवाक्याचा आणि निमंत्रणाचा मसुदा वाचला. ‘संस्कृतीच्या संवर्धनार्थ स्नेहसंमेलन’ हे घोषवाक्य तिथेच वाढलेल्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलीला मोठ्याने वाचायला दे. ती ‘संवर्धनार्थ’पाशी अडखळेल, तोच शब्द काढ. ‘या, मराठीत भेटू!’ हे तिला एका दमात म्हणता येईल आणि बॅनरवर लांबूनही वाचता येईल.

निमंत्रणात ‘सहकुटुंब सहपरिवार’ जरूर ठेव, पण त्याखाली लगेच वार, तारीख, वेळ आणि सभागृहाचा पत्ता दे. एका वर्षी आम्ही वेळ चौथ्या परिच्छेदात लिहिली आणि बरीच कुटुंबं नांदी संपल्यावर पोचली. नावं कधीपर्यंत कळवायची तेही लिही, जेवणाच्या पानांचा अंदाज त्यावरच बांधतात. मराठी न वाचणाऱ्या जावई-सुनांसाठी एवढा तपशील इंग्रजीतही हवा.