पासबुकातील शेवटची ओळ नव्हे, चार वर्षांपूर्वीची ओळ

प्रश्न : माझे पीपीएफ खाते नोव्हेंबर २०१९ मध्ये उघडले आहे. पासबुकात व्याज वर्षातून एकदाच जमा झालेले दिसते, मग दर महिन्याचे व्याज कुठे जाते? आणि आता शिलकीच्या निम्मी रक्कम काढता येईल का?

उत्तर :

‘शिलकीच्या निम्मी’ हे शब्द वाचले आणि उत्तर लिहायला बसलो. याच दोन शब्दांवर विसंबून मी जून २०२३ मध्ये मुलीच्या महाविद्यालयाचे साडेतीन लाखांचे शुल्क भरण्याचे ठरवले होते आणि प्रत्यक्षात हातात पडले ७३ हजार.

आधी व्याजाचे सांगतो, कारण ते थोडक्यात उरकते. तुमचे महिन्याचे व्याज कुठेही जात नाही. त्याची आकारणी दर महिन्याला होते, परंतु ते खात्यात जमा होते आर्थिक वर्षाच्या अखेरीस, म्हणून पासबुकात ३१ मार्चची एकच ओळ उमटते. आकारणीसाठी महिन्याच्या ५ तारखेची अखेर ते महिन्याचा शेवटचा दिवस या काळातील सर्वांत कमी शिल्लक धरतात. त्यामुळे ५ तारखेपर्यंत जमा झालेल्या पैशांना त्या महिन्याचे व्याज मिळते आणि ६ तारखेला जमा झालेल्यांना मिळत नाही. यात मेख अशी की धनादेशाने पैसे भरल्यास तुम्ही तो पेटीत टाकल्याची तारीख नव्हे, तर तो वटून रक्कम खात्यात आल्याची तारीख मोजली जाते.

हे मला पासबुकानेच शिकवले. ३ एप्रिल २०२१ रोजी, शनिवारी, मी दीड लाखाचा धनादेश शाखेत दिला. पावतीवर ३ तारखेचा शिक्का होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पुढच्या वर्षी पासबुक छापून घेतले तेव्हा व्याजाची ओळ ३१,९७६ रुपयांची होती आणि माझ्या हिशेबाने ती ३२,८६४ असायला हवी होती. दर ७.१ टक्के होता, वर्षभर बदललेला नव्हता, म्हणजे चूक दरात नव्हती. फरक ८८८ रुपयांचा. दीड लाखावर एका महिन्याचे व्याज ८८७ रुपये ५० पैसे होते, हे लक्षात आल्यावर मी जमेच्या ओळीची तारीख पाहिली. तिथे ६ एप्रिल होती. बँकेची चूक काहीच नव्हती, माझी होती. तुम्हालाही एखाद्या वर्षाचे व्याज कमी वाटले, तर तक्रार लिहिण्याआधी फरकाला एका महिन्याच्या व्याजाने भागून पाहा. भागाकार पूर्ण आला, तर उत्तर जमेच्या तारखेत सापडेल.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, आयुष्यभर हिशेबनीस होते. ते या ८८८ रुपयांवर हसले आणि म्हणाले, “पासबुकातली शेवटची ओळ वाचायची. बाकीची पाने म्हणजे जुनी वर्तमानपत्रे.” रकमेबाबत त्यांचे म्हणणे फार चुकीचे नव्हते, हे मान्य करतो. तोच दर टिकला तरी ते ८८८ रुपये २०३३ पर्यंत जेमतेम १,८९० होतील आणि तेवढ्याने कोणी श्रीमंत होत नाही. पण ‘शेवटची ओळ वाचायची’ या त्यांच्या सूत्राने मला पुढे खरा फटका दिला.

माझे खाते १२ फेब्रुवारी २०१८ चे. ते उघडण्याचा सल्ला दाजींचाच आणि तो चांगला होता. पाच वर्षांनी निम्मे काढता येतात, असेही त्यांनीच सांगितले होते. सुरुवातीला माझी ऐपत कमी होती. उघडताना १० हजार भरले आणि पुढची दोन वर्षे ६०-६० हजार. मग पगारवाढ झाली, गृहकर्जही फिटले आणि २०२०-२१ पासून मी दरवर्षी कमाल मर्यादेइतके, म्हणजे दीड लाख भरू लागलो. ३१ मार्च २०२३ रोजी शिल्लक होती ६,९०,६२७ रुपये. निम्मे म्हणजे ३ लाख ४५ हजार. मुलीचे शुल्क जवळपास तेवढेच होते. दाजी म्हणाले, “बघ, वेळेला कसे उपयोगी पडले!” मीही निवांत झालो.

१४ जूनला फॉर्म २ भरून काउंटरवर दिला, तेव्हा तिथल्या बाईंनी माझे पासबुक हातात घेऊन शेवटचे पान पाहिलेच नाही. त्या उलट्या दिशेने पाने चाळत गेल्या, ३१ मार्च २०२० च्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्हाला ७३,१३४ रुपये मिळतील.”

मी वाद घातला. आज त्याची लाज वाटते, कारण नियम स्पष्ट आहे. पैसे ज्या आर्थिक वर्षात काढायचे, त्याच्या आधीच्या चौथ्या वर्षाच्या अखेरची शिल्लक आणि लगतच्या आधीच्या वर्षाच्या अखेरची शिल्लक, या दोन्हींपैकी जी कमी असेल तिच्या निम्म्यापर्यंतच रक्कम काढता येते. मी २०२३-२४ मध्ये काढत होतो. मागे मोजत जा : २०२२-२३ पहिले, २०२१-२२ दुसरे, २०२०-२१ तिसरे, २०१९-२० चौथे. त्या चौथ्या वर्षाच्या अखेरीस माझी शिल्लक होती १,४६,२६९ रुपये. दरवर्षी दीड लाख भरायला मी लागलो ते त्यानंतर, त्यामुळे ती सगळी भर या मोजमापाच्या बाहेर राहिली. पहिल्या दिवसापासून दरवर्षी सारखीच रक्कम भरणाऱ्यालासुद्धा ही मर्यादा बोचते, पण उशिरा जोर लावणाऱ्याला ती अधिक बोचते.

बाईंनी आणखी एक वाट दाखवली. पाच वर्षांची तीच अट पूर्ण झाली असेल तर उच्च शिक्षणासाठी खाते मुदतीपूर्वी बंद करता येते, मात्र मग सुरुवातीपासूनचे व्याज प्रत्येक वर्षी एक टक्का कमी धरले जाते. मी तिथेच बाकावर बसून पासबुकाच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. चक्रवाढीचा फरक सोडला तरी पंधरा हजारांवर पाणी सोडावे लागणार होते, शिवाय नवे खाते उघडले तर पंधरा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होती. मी ७३,१३४ घेतले, उरलेल्या रकमेसाठी पत्नीचे दागिने तारण ठेवले आणि संध्याकाळी दाजींना फोन केला. ते म्हणाले, “काउंटरवरच्यांना काही कळत नाही, मॅनेजरला भेट.” मी भेटलो नाही. नियमाचा कागद मी तोपर्यंत स्वतः वाचला होता.

खरी गंमत पुढच्या आर्थिक वर्षात कळली. मोजणीचे वर्ष एक घर पुढे सरकले आणि चौथ्या वर्षाची ओळ झाली ३१ मार्च २०२१ ची, शिल्लक ३,१२,८६७ रुपये. मर्यादा एकदम १,५६,४३३ रुपयांवर गेली, आणि आदल्या वर्षी ७३ हजार काढले होते म्हणून ती कमी झाली नाही, कारण २०२१ ची शिल्लक त्या उचलीच्या आधीची होती. वर्षातून एकदाच रक्कम काढता येते, पण ते वर्ष आर्थिक वर्ष असते. १ एप्रिलला बँका ग्राहकांसाठी बंद असतात, म्हणून २ एप्रिल २०२४ रोजी सकाळी मी रांगेत पहिला होतो आणि दागिने त्याच आठवड्यात सोडवले. शुल्काचा दुसरा हप्ता एप्रिलपर्यंत लांबवण्याची विनंती मी महाविद्यालयाला करू शकलो असतो, पण मर्यादा एप्रिलमध्ये दुपटीहून अधिक होणार आहे हे जूनमध्ये माझ्या ध्यानातच आले नाही. ती ओळ माझ्याच पासबुकात छापलेली होती.

२ तारीख निवडण्याला आणखी एक कारण होते. सर्वांत कमी शिलकीचा नियम पैसे काढतानाही लागू होतो. १४ जूनला रक्कम काढल्यामुळे त्या ७३ हजारांवरचे जूनचे व्याज, म्हणजे सुमारे ४३३ रुपये, मला मिळाले नाहीत. महिन्याच्या अखेरीस काढले असते तरी तेवढेच बुडाले असते. म्हणून भरायचे असोत वा काढायचे, १ ते ५ तारखांमध्येच काम उरकावे, असे माझे ठाम मत आहे. दाजी याला अजूनही कंजूषपणा म्हणतात.

आता तुमचे खाते. पासबुकाच्या पहिल्या पानावर नोव्हेंबर २०१९ ही तारीख असेल, पण नियमांसाठी ती तारीख विसरा. तुमचे पहिले आर्थिक वर्ष ३१ मार्च २०२० ला संपले आणि पाच वर्षांची मोजणी तिथून होते. ती ३१ मार्च २०२५ ला पूर्ण होते, म्हणून १ एप्रिल २०२५ पासून तुम्ही पात्र आहात. मुदतपूर्तीही नोव्हेंबर २०३४ मध्ये नाही, ३१ मार्च २०३५ ला आहे. २०२५-२६ मध्ये रक्कम काढणार असाल तर पेन्सिल घेऊन ३१ मार्च २०२२ च्या व्याजाच्या ओळीसमोरची शिल्लक गोल करा आणि तिची निम्मी रक्कम समोर लिहा. पुढच्या वर्षी हा गोल ३१ मार्च २०२३ वर सरकेल. मधल्या काळात मोठी उचल केलेली नसेल, तर बहुधा चौथ्या वर्षाचाच आकडा लहान निघेल, तरीही लगतच्या ३१ मार्चची शिल्लक एकदा ताडून पाहा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एखाद्या वर्षी किमान ५०० रुपये भरायचे राहून गेले असेल तर खाते खंडित धरले जाते, आणि चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० रुपये व ५० रुपये दंड भरून ते सुरू केल्याशिवाय रक्कम काढता येत नाही. त्यामुळे पासबुकात जमेची ओळच नसलेले एखादे वर्ष आहे का, ते शोधा. दुसरे असे की मी लिहिलेले सगळे पंधरा वर्षांच्या मूळ मुदतीपुरते आहे. पुढे पाच वर्षांची मुदतवाढ घेतली तर मर्यादेचे गणित वेगळे होते, आणि वर्गणी चालू ठेवायची असल्यास मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत तसे लेखी कळवावे लागते.

दाजींचे खाते लवकरच त्या टप्प्यावर येईल. अर्ज देण्याची तारीख मी त्यांच्या पासबुकाच्या शेवटच्या ओळीखाली लिहून ठेवली आहे, कारण दुसरीकडे ते पाहत नाहीत.